पमादला मराठीत काय म्हणायचं

आमच्या आईला प्रश्न विचारायची सवय नव्हती. घरात कोणी काही सांगितलं की 'होये' म्हणायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, ही तिची रीत. म्हणून त्या दिवशी तिनं थेट आमच्या कामाच्या टेबलाशी येऊन विचारलं तेव्हा सर आणि मी दोघंही लॅपटॉप सोडून तिच्याकडे बघत राहिलो.

"गुरुजी, मी जल्मात दारूचा थेंब नाई घेतला. मंग ते पाचवं शील मी रोज काऊन म्हणून राहिली?"

सर म्हणजे गोंदियाजवळच्या गोरेगावचे निवृत्त पालीचे शिक्षक. मी कॉलेजात पाली शिकवते, ती त्यांच्याच हाताखाली शिकून. आम्ही दोघं मिळून पाली सुत्तांचा, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचा, एक भलामोठा संग्रह मराठीत आणतोय. 'आणतोय' हे क्रियापद फार जपून वापरलंय. संपायचं नाव नाही. सर आठवड्यातून एकदा एसटीनं गोंदियाला यायचे, तिथून मी त्यांना स्कूटीवर कुडव्याला घरी आणायची. दिवसभर आमची भांडणं चालायची. आई चहा द्यायची आणि दाराशी बसून तांदूळ निवडायची. ती ऐकते हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिचं त्यात काही अडकलंय हे नव्हतं.

भांडणं व्हायची ती शब्दसूचीवरून. लोकांना वाटतं, अनुवाद म्हणजे एक वाक्य वाचायचं आणि दुसरं लिहायचं. अहो, इतकं सोपं असतं तर मीच आत्तापर्यंत चार पुस्तकं हातावेगळी केली असती! हजार पानांत एकच शब्द शेकडो वेळा येतो. पहिल्या खंडात त्याला एक म्हटलं, तिसऱ्यात दुसरं, तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की हा तोच शब्द आहे. म्हणून लॅपटॉपवर एक तक्ता केला होता. पहिल्या रकान्यात पाली शब्द, मग त्याचा धातू, मग अर्थाचा पसारा, म्हणजे कुठे कुठे तो काय काय अर्थानं आलाय ते, आणि शेवटी आम्ही निवडलेला मराठी शब्द. निवड पक्की झाली की ती ओळ पिवळी करायची. याला सर 'कुलूप लावणं' म्हणायचे. आणि सरांचा एक कडक नियम होता: एक मराठी शब्द एकाच पाली शब्दाला द्यायचा. "एका बैलावर दोन धन्यांचा हक्क नको," म्हणायचे.

हा नियम ऐकायला गोड, पाळायला महाकठीण. एखादा छान शब्द सुचला की बघावं तर तो आधीच कुणाला तरी देऊन बसलेलो. 'आळस' तसाच गेला होता. 'भान' हा माझा लाडका शब्द, तो आम्ही 'सति'ला दिला होता. सतिचा धातू स्मरणाचा. पसारा आठवणीपासून ते आत्ता काय चाललंय त्यावर लक्ष असण्यापर्यंत. जुन्या अनुवादांत 'स्मृती' असतं, पण मराठी माणूस स्मृती म्हटलं की फोटोला हार घालतो. म्हणून भान. त्यावरून सर आणि मी दोन आठवडे एकमेकांशी नीट बोललो नव्हतो, मग त्यांनीच ती ओळ पिवळी केली.

आईच्या प्रश्नातला शब्द होता 'पमाद'. पंचशील म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात तो रोज असतो. पाचव्या शीलात दारूची नावं येतात आणि त्यांच्या शेपटाला 'पमादट्ठान', म्हणजे पमादाचं ठिकाण, पमादाला कारण. त्या ठिकाणापासून मी दूर राहीन, असं आपण म्हणतो. आमच्या तक्त्यात पमादची ओळ कित्येक महिने पांढरीच होती.

"आई, चांगला प्रश्न आहे," सर म्हणाले. सरांनी कुणाच्या प्रश्नाला चांगलं म्हणणं म्हणजे नवलच. माझ्या तर कधीच नाही.

"चांगला गिंगला राहू द्या. सांगा. येत्या पौर्णिमेले विहारात मी शील सांगणार हाय बायकायले. अर्थासकट. इतकी वर्सं पोपटावानी म्हणलं. आता मरायच्या आधी मले समजलं पायजे."

माझे वडील पीत होते, हे आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. राइस मिलमधून सुटले की मोहाची घेऊनच घरी. आई त्यांच्यासमोर बसून रोज मोठ्यानं पाचवं शील म्हणायची, त्यांना ऐकू जावं म्हणून. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. ऐकवायला कोणी उरलं नाही, तरी तिचं म्हणणं सुटलं नाही. मला वाटायचं, सवय.

मग आम्ही पमादच्याच मागे लागलो. खरं सांगते, मला या कामात सगळ्यात जास्त मजा इथेच येते. आधी धातू बघितला. 'मद्', झिंगणं, हर्षानं फुगणं. त्याच्या आधी 'प' हा उपसर्ग. आणि गंमत म्हणजे शीलातल्या दारूच्या नावांत जो 'मज्ज' आहे, तोही याच धातूचा! म्हणजे एकाच मुळातून बाटली निघाली आणि बाटलीनं जे होतं तेही निघालं. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तं दारूच झाली ना. माह्या प्रश्नाचं काय?"

तिचा प्रश्न तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्यात सुटायचा होता. संगणकावर पालीचा मजकूर होता, त्यात पमाद शोधून एकेक जागा उतरवायला घेतली. आणि काय सांगू, दारूच्या जागा मोजक्याच निघाल्या. बाकी सगळीकडे पमाद करणारे लोक शुद्धीत होते. कुणी ध्यानाला बसायचं सोडून गप्पा मारत होता, कुणी तारुण्याच्या तोऱ्यात होता, कुणी संपत्तीच्या. उलट शब्द 'अप्पमाद' तर चांगल्या गुणांचा राजाच. तथागतांच्या अगदी शेवटच्या वाक्यात तो येतो.

"अगं बाई!" आई म्हणाली. "त्या शेवटच्या बोलण्यातला शब्द आन दारूच्या शीलातला शब्द एकच हाय?"

"एकच. एकात नाही म्हणणारा 'अ' लागलाय."

ती तांदळाचं सूप खाली ठेवून आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. त्या दिवसापासून ती जागा तिचीच झाली.

आता मराठी शब्द. सरांना जुन्या चालीचा 'प्रमाद' ठेवायचा होता. मी म्हटलं, सर, मराठीत प्रमाद म्हणजे चूक. 'माझ्या हातून प्रमाद घडला' म्हणतो आपण. दारूनं चूक होते म्हणून दारू सोडा, एवढाच अर्थ उरेल. सर चिडले, पण ऐकलं. मी 'बेसावधपणा' सुचवला. आमची रीत अशी की सुचलेला शब्द सगळ्या जागांवर बसवून मोठ्यानं वाचायचा. तारुण्याच्या तोऱ्यापाशी बेसावधपणा साफ पडला. त्याला झिंगच नाही. शेवटी सरांनीच 'गाफीलपणा' काढला. तो जवळजवळ सगळीकडे बसला. गोंदियात तर हा शब्द पोराटोराच्या तोंडात. मी ओळ पिवळी करायला बोट उचललं.

"थांब," आई म्हणाली. "गाफील म्हणजे मी नाई."

"म्हणजे?"

"तुह्या बापाच्या घरात गाफील राहून जमलं असतं काय? पैसे कुठं लपवले, तो कोणत्या रस्त्यानं येते, पोरायले कोणाकडे झोपवायचं, सारं माह्या ध्यानात. गाफील राहाची मले सवडच नोहोती. हे शील माह्यासाठी नाई मंग."

सर मला म्हणाले, "मॅडम, अट्ठकथा काढा." अट्ठकथा म्हणजे जुन्या आचार्यांनी मूळ मजकुरावर लिहिलेलं स्पष्टीकरण. खरं तर ते आम्ही आधीच बघायला हवं होतं, पण शब्द सापडल्याच्या आनंदात कोण बघतं! तिथे अप्पमादची ओळख एका ओळीत होती: सतिपासून दूर न होणं. आणि पमाद म्हणजे काय, तर चित्त मोकाट सोडणं. वाईट वागण्यात, वाईट बोलण्यात, वाईट विचारात.

सर आणि मी एकदमच एकमेकांकडे बघितलं. सति म्हणजे भान, त्याला कुलूप लागलेलं. मग पमाद म्हणजे भान सुटणं. अप्पमाद म्हणजे भान सुटू न देणं. 'भान' दोन्हीकडे आला, तरी बैलाला धनी दोन झाले नाहीत. दोन्ही पाली शब्दांचं नातंच तसं आहे, आणि ते मराठीत दिसायलाच हवं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. जागा एकेक वाचत गेलो. झिंगलेला माणूस, भान सुटलेला. तारुण्याच्या तोऱ्यातला, भान सुटलेला. गप्पा मारणारा भिक्खू, भान सुटलेला. सगळीकडे बसलं. पाचवं शीलही वाचलं: भान सुटायला कारण होणाऱ्या दारूपासून मी दूर राहीन.

"आई, जमलं," मी म्हटलं. "आता सांग बायकांना."

सरांचा चहा संपला होता, पण आईनं कप उचलला नाही.

"वाईट बोलण्यात बी म्हणते ते?" तिनं विचारलं.

"हो. वाईट बोलण्यातही."

"तो गेला त्या सकाळी," ती म्हणाली, "मी त्याले म्हणलं होतं, आता या घरात तोंड दाखवू नको. कुठं बी मर. तो पिलेला नोहोता तवा. कामावर जाऊन राहिला होता. डबा हातात होता त्याच्या, तो मी हिसकून घेतला."

वडील मिलमधून परत येताना रस्त्यात ट्रकखाली गेले, एवढंच आम्हा भावंडांना माहीत होतं. डब्याचं नाही. इतक्या वर्षांत कधीच नाही. आई रोज कुणासाठी मोठ्यानं म्हणत होती, असा प्रश्न मला आधी कधी पडलाच नव्हता.

"आई, तुम्ही किती सोसलं होतं," सर म्हणाले. एरवी शब्दाला शब्द लावणारे सर, पण आवाज पार खाली गेला होता.

"सोसलं ना. म्हणून तं सुटलं." ती उठली, कप उचलले. "गुरुजी, त्याचं दारूनं सुटत होतं, माह्यं रागानं. शील दोघायचं बी होतं. मले वाटे मी त्याच्यासाठी म्हणून राहिली." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्याच फटकळ आवाजात, "बसून काय राहिली? लाव ना ते तुह्यं कुलूप."

मी ओळ पिवळी केली.

पौर्णिमेला विहारात तिनं पाचही शीलं अर्थासकट सांगितली. पाचव्यापाशी मोहल्ल्यातल्या एका तरुण सुनेनं हात वर करून विचारलं, आजी, आम्ही बायका पीत नाही, मग आम्ही कायले म्हणायचं? मी मागेच बसले होते. आई म्हणाली, "तुह्या नवऱ्याले सकाळी डबा देते ना? तो नीट हातात देजो. तेवढ्यासाठी म्हणायचं."