चहा आणि नळाची धार

तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. घरी बसून कपडे शिवायची, पण 'बसून' हे फक्त म्हणायला. एक शिवण मारली की उठून इस्त्री, इस्त्री तापेपर्यंत भांडी, भांडी अर्धी राहिली की दारात कोण आलं ते पाहायला. चहा तर तिने उभ्या जन्मात एका जागी बसून प्यायला नव्हता. दोन घोट घ्यायचे, कप हाताला लागेल तिथे टेकवायचा आणि पुढच्या कामाला पळायचं. घरभर कप सापडायचे. नवरा म्हणायचा, चोर घरात शिरला तर त्याला आधी गार चहा मिळेल.

बाईचा दुसरा शौक औषधांचा. गल्लीत कुणाला भाजलं की ही टूथपेस्टची नळी घेऊन हजर. कितीजणांना तिने पांढरं लिंपलं असेल देव जाणे, आणि लोक तिचे आभार मानायचे, कारण गार वाटायचं ना! तिची लेक हॉस्पिटलात नर्स, तीही भाजलेल्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत. ती कपाळावर हात मारून घ्यायची.

"आई, तू लावतेस आणि मी काढते," ती एकदा चिडून म्हणाली होती. "ती पेस्ट जखमेत वाळून बसते. खरवडून काढताना पोरं किंचाळतात. खाली किती भाजलंय तेही दिसत नाही."

"तुमचं आपलं पुस्तकी," असं म्हणून भिंगरी मशीनकडे वळली होती.

पण लेकीला एकच काळजी खरी खात होती. ड्यूटीवर जाताना ती आपली तीन वर्षांची मुलगी आजीकडे सोडायची, आणि हल्ली पाळणाघराची चौकशी करायला लागली होती. "तुझं लक्ष एका जागी नसतं गं आई," एवढंच म्हणायची. भिंगरीला ते मनाला लागलं होतं. नात, चिमणी, म्हणजे तिचा जीव की प्राण. या पोरीला आपल्यापासून तोडतील या धास्तीने तिला दिवसभर चैन पडत नसे, आणि चैन पडत नसलं की ती आणखीच गरगर फिरायची.

त्या दिवशी दुपारी तेच झालं. नुकताच गाळलेला चहा, वाफाळता. दोन घोट घेऊन तिने कप मशीनच्या टेबलावर ठेवला आणि बेलवर धावली. गिऱ्हाईक नव्हतं, कुणीतरी चुकून दाबली होती. तेवढ्यात टेबलावरून लोंबणारं झग्याचं कापड चिमणीने ओढलं. कापडामागोमाग कप आला.

किंकाळी ऐकून भिंगरी आत आली तेव्हा पोरीचा उजवा हात पार मनगटाच्या वरपर्यंत लालबुंद झाला होता. आजीचे पाय आपोआप न्हाणीघराकडे पळाले. नळी हातात आली, झाकण उडालंसुद्धा. आणि तिथेच तिला लेकीचं ते खरवडणं आठवलं. दुसऱ्यांच्या पोरांना लावताना कधी विचार केला नव्हता, आज हात थांबला. स्वतःच्या रक्ताचं माणूस पुढ्यात आलं की आपली अक्कल किती खोल आहे ते कळतं. तिने नळी फेकली, पोरीला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली तो हात धरला.

फोन ओट्यावर होता. एका हाताने लेकीचा नंबर लावून तिने स्पीकर चालू केला.

"चहा सांडला गं चिमणीवर, हातावर, पार मनगटाच्या वरपर्यंत, मी नळाखाली धरलंय—"

पलीकडून लेकीचा आवाज आला, ड्यूटीवरचा, सपाट. "चांगलं केलंस. तोंडावर, छातीवर उडालाय का?"

"नाही. बाहीवर मात्र."

"बाही चिकटलेली नसेल तर काढ, चिकटली असेल तर ओढू नकोस. हातात बांगडी आहे ना, ती आत्ताच काढ, मग सूज आली की निघणार नाही. आणि वीस मिनिटं धार सोडायची नाही."

"वीस?"

"वीस. तिचं रडणं थांबलं तरी. बाकीचं अंग चादरीत गुंडाळ, थंडी वाजायला नको. मी गाडी पाठवते." मग आवाज जरा फाटला. "आई, तू हलू नकोस गं."

बाही सैल होती, निघाली. बांगडीही निघाली. आता करायचं काय, तर उभं राहायचं. भिंगरीला आयुष्यात इतकं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. मिनिटभरातच वाटलं, पुरे झालं, आता काहीतरी लावू या. काहीतरी करू या! नुसत्या पाण्याने काय होणार? पोर हुंदके देत होती, सुटायला धडपडत होती, आणि घड्याळाचा काटा ढिम्म हलत नव्हता.

किंचाळणं ऐकून वरच्या मजल्यावरची वहिनी धावत आली. एका हातात बर्फाचं भांडं, दुसऱ्या हातात टूथपेस्ट.

"अहो, पाण्यात काय धरताय! फोड येतील! ही घ्या, तुम्हीच नाही का माझ्या पायाला लावली होती?"

"लावली होती," भिंगरी म्हणाली, "चुकलं माझं. ठेवा ती बाजूला."

"मग बर्फ तरी. नाहीतर लोणी आणू का?"

"बर्फाने कातडी आणखी दुखावते," फोनमधून लेक ओरडली. "लोणी नको, काही नको! साधं नळाचं पाणी!"

वहिनी फोनकडे बघून चपापली. तेवढ्यात धार बारीक झाली. टाकी संपत आली होती. पण वहिनी बाई कामाची. बर्फ सिंकमध्ये उलटून तिने तेच भांडं पिंपातून भरलं आणि हातावर सावकाश ओतायला लागली. एक संपलं की दुसरं. दोघींच्या साड्या भिजून चिंब झाल्या. चिमणीचं रडणं ओसरलं, तशी वहिनी म्हणाली, "बघा, थांबली! आता काढा." भिंगरीचेही हात शिवशिवले. पण तिने काटा पाहिला आणि म्हणाली, "ओता वहिनी, अजून बरंच आहे."

वीस मिनिटं भरली तेव्हा मनगटाजवळ दोन फोड टरारले होते. वहिनीने फोड फोडायला सुई हवी का विचारलं. "फोडायचे नाहीत," फोनवरून आलं. "स्वच्छ पातळ कापडाने सैल झाका, कापूस नको."

"घरीच बरं होईल ना गं?" भिंगरीने भीत भीत विचारलं.

"नाही आई. लहान मूल, त्यातून हात आणि मनगटाचा सांधा, शिवाय फोड. तिच्या तळहाताहून मोठं भाजलंय. हे दाखवावंच लागतं. चेहरा, पाय, विजेचं, केमिकलचं, यांत तर विचारायचंच नाही. आणि कातडी पांढरी पडून दुखत नसेल ना, तर ते जास्त वाईट. निघा."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला, बोटं हलवून घेतली. काय लावलं होतं, असं विचारलं.

"पाणी," भिंगरी म्हणाली.

"म्हणूनच वाचलंय. वरवरचं आहे. डाग राहणार नाही बहुतेक, पण ड्रेसिंगला यावं लागेल."

लेकीने स्वतः ड्रेसिंग केलं. तिचे हात नेहमीसारखेच चालले, पण डोळे लाल होते. झाल्यावर चिमणीला झोप लागली आणि दोघी बाकावर बसल्या. भिंगरीने घसा साफ केला.

"कप मीच ठेवला होता काठावर. तू पाळणाघर बघितलंयस ना. सोड तिला तिथे. मी काही म्हणणार नाही."

भिंगरी पदराचं टोक पिळत राहिली.

"दोन दिवस मी रजा घेते," लेक म्हणाली. "मग सोडते तुझ्याकडेच. पण चहा बसून प्यायचा. संपवायचा, कप धुवायचा, मग उठायचं."

भिंगरीने मान हलवली. पोरीला कुणी तोडणार नव्हतं, आणि आता कुठे तिला रडू फुटलं.