मधली बाटली

मी पदवीधर झालो तो माझ्या मामीमुळे. ती शाळेत एक दिवसही गेली नव्हती. घराण्यात पहिला बी.ए. म्हणून लोकांनी मला हार घातले, तेव्हा मामी गर्दीच्या मागे उभी राहून हसत होती. आपला यात काही हात आहे असं तिला वाटलंही नसेल. तिचा हात कसा होता, ते इथे लिहून ठेवतो.

आमचं घराणं न्हाव्याचं. मामा मूळचे अवसरी बुद्रुकचे. तिथे थोरल्या भावाबरोबर ते बलुत्यावर काम करत. वर्षभर गावाच्या दाढ्या-डोकी करायची आणि सुगीला प्रत्येक घरून धान्य आणायचं. मामांनी वस्तरा-कात्रीची धोकटी भावाकडे सोपवली आणि जुन्नरच्या बाजारपेठेत एका गाळ्यात सलून काढलं. एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाकडं. मागच्या खोलीत संसार. त्याच खोलीत राहून मी हायस्कूल केलं आणि पुढे पुण्याला कॉलेजात गेलो. माझ्या खाणावळीचे पैसे मामा दरमहा पाठवत.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन उन्हाळ्यात मी जुन्नरला आलो, तेव्हा मामांचा चेहरा उतरलेला होता. बाजारपेठेत आणखी दोन सलून झाली होती. थोरल्या मामांनी निरोप धाडला होता, "ज्येष्ठ सरायच्या आत काय ते सांग. परत येणार असशील तर बलुत्याची निम्मी घरं तुझी. न्हाईतर मी दुसऱ्याला देतो." मामा परतले असते तर धान्य मिळालं असतं, पोट भरलं असतं, पण धान्यावर पुण्याची खाणावळ चालत नाही. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कोणी बोलत नव्हतं.

मामांकडे दुसऱ्या कोणाकडे नाही अशी एक वस्तू होती, ती म्हणजे मामीचं तेल. ओढ्याकाठचा माका, वाळवलेला आवळा, जास्वंदीची फुलं, हे सगळं ती खोबरेलात मंद आचेवर शिजवायची. कोंडा, डोक्याची आग, केस गळणं यांवर लोक ते मागून लावून घेत. पण त्याला दर नव्हता. "काय द्यायचं, राव?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की मामा म्हणायचे, "द्या खुशीनं." बलुत्यात वाढलेल्या माणसाला दर सांगायची लाज वाटे, आणि बलुतं देत आलेल्या माणसाला दर विचारायची सवय नव्हती. खुशी बहुधा एका आण्यावर थांबे.

मी पुण्यातल्या सलूनमध्ये दरांची पाटी पाहिली होती. शिकलेला माणूस म्हणून मी मोठ्या उत्साहाने पाटी रंगवली. 'साधे तेल तीन आणे. माक्याचे तेल सहा आणे.' मामांनी ती आरशाशेजारी टांगली.

आठ दिवस बाकड्यावरून एकच आवाज आला. "साधंच लाव." ज्याच्या डोक्यातला कोंडा खांद्यावर पडत होता तोही म्हणायचा, "साधंच लाव. आपल्याला कशाला भारी?" बाकड्यावर शेजारी, सोयरे, गावचे लोक बसलेले. त्यांच्यादेखत दुप्पट पैशांचं तेल मागायला कोण धजणार?

मी विचार केला, दोनांत माणूस अडतो तर तीन करू. नवी पाटी रंगवली. 'साधे. उत्तम. सर्वोत्तम.' दर तीन आणे, सहा आणे आणि नऊ आणे. ओतूरकडचा एक पावणा पाटीकडे बोट करून म्हणाला, "ते काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं.

"उत्तम म्हंजे काय, भाऊ?"

"चांगलं."

"आन् सर्वोत्तम?"

"त्याहून चांगलं."

"मग साधं काय वाईट हाय व्हय?" तो मामांकडे वळला. "वाईट तेल कशाला ठेवता दुकानात?" बाकडं खदखदून हसलं. मामांनी मान खाली घालून साधं तेल लावलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मामी मागच्या दाराने दुकानात आली. पाटीसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "एवढं शिकतुयास. येकच सांग. ज्याला वाचाय येत न्हाई त्यानं काय करायचं?"

मी पाटी उतरवायला हात वर केला.

"पाटी ऱ्हाऊ दे. पन डोळ्याला दिसलं पायजे, हाताला लागलं पायजे." तिने तीन बाटल्या आणून आरशाखालच्या फळीवर मांडल्या. पहिलीत नुसतं खोबरेल. दुसरीत तिचं काळपट हिरवं तेल. तिसरी तशीच हिरवी, पण तिच्या पायाशी शिकेकाईची पुडी ठेवली. मग तिने एकेका बाटलीवर बोट ठेवून मला लिहायला लावलं. पहिल्यात खोबरेल आणि मालिश. दुसऱ्यात माक्याचं तेल, तेवढीच मालिश आणि वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. तिसऱ्यात हे सगळं, मग शिकेकाईनं डोकं धुणं, आणि आठ दिवसांनी सगळं पुन्हा एकदा.

"दर?" मी विचारलं.

"पयल्याचं चार आणे कर. आन् तुमी," हे मामांना, "तीन आण्यांत नुसतं फासत व्हता. चार आण्यांत नीट चोळा. गरिबाचं डोकं काय दगडाचं असतं?"

"दुसऱ्याचे आठ?" मी म्हणालो.

"सहाच. पयल्यावरून दुसऱ्यावर जायाला पायरी बारकी पायजे. म्हातारा बी चढंल अशी."

"आणि तिसऱ्याचा?"

"रुपाया."

मामा दचकले. "रुपाया कोन देनार हाय?"

"लई थोडी देतील. पन देतील त्यांचं दोनदा काम करायचं हाय, रुपाया जास्त न्हाई. आन् जी देनार न्हाईत त्यांला सहा आणे भारी वाटायचे न्हाईत." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत बघ. पुढच्या पाटावर बसाय मानूस लाजतो. शेवटाला बसाय बी लाजतो. मधली पाटं आदी भरत्यात."

अर्थशास्त्राचं पुस्तक मी वर्षभर वाचलं होतं. त्यात हे कुठे नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाकडं भरलेलं होतं. लोक बाटल्यांकडे बघत, पुडीचा वास घेत, पण ठरवत कोणी नव्हतं. तेवढ्यात बांगड्यांचे एक व्यापारी आले. वयस्कर, पेठेत मान असलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. बाकड्यावरच्यांनी सरकून जागा केली. चाचांनी तिन्ही बाटल्या पाहिल्या आणि म्हणाले, "लडकीची शादी आहे परवा. ते रुपयावालं लावा."

माझा जीव भांड्यात पडला. चाचांनी रुपया दिला की पेठेत गाजावाजा होणार! मामांनी चाचांची टोपी बाजूला ठेवली, बोटांनी केस विंचरले, खिडकीकडे डोकं वळवून उजेडात पाहिलं, आणि म्हणाले, "चाचा, तुमाला तिसरं नगं."

चाचांनी मान वळवली.

"का बरं?"

"डोक्यात कोंडा न्हाई. केस बी गळत न्हाईत, वयानं इरळ झाल्यात, त्याला माझ्याकडं औषीद न्हाई. नुसती कातडी कोरडी पडलीया. दुसरं पुरं हाय. रुपाया घेऊन मी काय करू, आठ दिवसांनी पुन्यांदा तेच?"

चाचांनी आरशातून मामांकडे पाहिलं. मग हसले. "कमाल आहे. आमच्या दुकानात कोणी भारी बांगडी मागितली, तर मी नाही सांगत की हलकी घे."

बाकड्यावरून कोणीतरी म्हणालं, "म्हनून तर आमची बायको तुमच्याकडनं हात भरून येती आन् माझा खिसा रिकामा हुतो!" चाचा सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मामांनी पाव तास मालिश केली. गरम टॉवेल डोक्यावर गुंडाळला तेव्हा चाचांचे डोळे मिटले आणि ते "हाय अल्ला" म्हणून खुर्चीत सैलावले. सहा आणे देऊन ते गेले. खुर्चीत पुढचा माणूस बसला आणि पाटीकडे न बघता म्हणाला, "चाचांना लावलं ते." त्याच्यानंतरचाही तेच म्हणाला. आता यात भारी मागितल्याचा संकोच नव्हता आणि हलकं मागितल्याची लाजही नव्हती. शिवाय रुपया नाकारणारा माणूस सहा आण्यांत फसवणार नाही, हे बाकड्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका म्हाताऱ्याचं डोकं मामांनी पाहिलं आणि सांगितलं, "बाबा, तुमाला पयलंच बास." म्हातारा रागावला. "का? माझं डोकं काय चाचांच्या डोक्याहून कमी हाय?" त्यालाही शेवटी मधलंच लावावं लागलं!

तिसरी बाटली फारशी हलली नाही. केस फार गळत असलेले एक मास्तर आणि कोंड्याने त्रासलेला एक नवरदेव, एवढ्यांना मामांनी स्वतः ती सुचवली. पण मामीने ती बाटली फळीवरून कधी काढू दिली नाही. मधली बाटली मात्र दर आठवड्याला भरावी लागे.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा थोरले मामा अवसरीहून आले. बाकड्यावर जागा नव्हती म्हणून दारात उभे राहिले. तासभर नुसते बघत होते. गर्दी ओसरल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला बी लाव."

"कोनचं?"

"मधलं." मग जरा ओशाळून म्हणाले, "सगळी तेच घेत्यात."

टॉवेल निघाल्यावर ते उठून निघाले, तोच मागच्या दारातून मामी म्हणाली, "भाऊजी, सहा आणे."

"भावाकडनं पैसं घेता व्हय?"

"पाटीवर लिवलंय. वाचाय येत न्हाई का?"

थोरल्या मामांनी कनवटीचे सहा आणे काढून फळीवर ठेवले आणि धाकट्या भावाला म्हणाले, "मी देतो ती घरं दुसऱ्याला. तू काय आता येत न्हाईस." ते रागाने म्हणाले नाहीत. मी त्या जूनमध्ये पुण्याला परत गेलो.

तीन वर्षांनी निकाल लागला, तेव्हा मामीला पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"मामी, हे पत्र मामा तुला वाचून दाखवतील. त्यांना म्हणावं सावकाश वाचा, मध्ये वस्तरा हातात घेऊ नका.

मी बी.ए. झालो. गेल्या आठवड्यात भाड्याचा काळा झगा घालून फोटो काढायला गेलो होतो. फोटोवाल्याने भिंतीवर तीन मापं लावली होती. एक तळहाताएवढं, एक त्याहून मोठं, आणि एक चौकटीत बसवलेलं भलं मोठं. त्याने विचारायच्या आत मी म्हणालो, 'मधलं द्या.' पैसे देऊन रस्त्यावर आलो आणि एकदम तुझी आठवण झाली. रस्त्यात उभा राहून इतका हसलो, की एक सायकलवाला थांबून विचारायला लागला, बरं आहे ना?

फोटो सोबत पाठवतो आहे. तो खोलीत लावू नको. दुकानात, आरशाखालच्या फळीवर, दुसऱ्या बाटलीमागे ठेव. तिच्यातूनच माझी खाणावळ भागली. कोणी विचारलं हा कोण, तर सांग आमचा भाचा. आणि त्याच्या डोक्याला काय लावायचं हेही सांग. इथल्या पाण्याने माझे केस गळायला लागलेत. दिवाळीला येतो. मला तिसरं लागेल, पण ते मामांनी डोकं बघून ठरवावं."