कब्ज्याच्या निवाड्याचे भाषांतर

अकोल्याच्या कचेरीत खोटे भाषांतर दुरुस्त करायला लावणारा माणूस म्हणून माझे नाव अजून घेतात. ते भाषांतर खोटे केले कोणी, हे मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितले नाही. ते मीच केले होते. मला कोणी माफ करावे म्हणून हे लिहीत नाही. माफी मागायची ती जागा ही नव्हे.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या वर्षांतली ही गोष्ट. कापूस साठवायला जागा पुरेना. काल गुरे बांधत त्या वाड्यांवर आज आडते टपून बसत. मी अमरावतीहून अकोल्याला बदलून आलो होतो. साहेब निवाडा इंग्रजीत लिहीत. त्यातला मुख्य भाग मी मराठीत आणायचा, नक्कलनवीसाने तो सुवाच्य मोडीत उतरवायचा, शिरस्तेदाराने मोहोर करायची आणि पक्षकारांना द्यायचा. खरा निवाडा इंग्रजीच. पण पक्षकारांच्या हाती पडे ते माझे मराठी.

दावा साधा होता. बाजारामागे एका कुणबी बाईचे आवार होते. तिचा नवरा हयात असताना त्याने एका आडत्याला तिथे गठ्ठे ठेवू दिले होते. नवरा गेला, भाव चढला आणि आडत्या आवार आपलेच असल्यासारखा वागू लागला. बाईने एके सकाळी त्याचे गठ्ठे बाहेर फेकले आणि फाटकाला कुलूप घातले. आडत्या कचेरीत आला.

साहेबांचा निवाडा नीट होता. आवार आडत्याच्या कब्ज्यात होते. बाईने कचेरीत न येता बळजबरीने त्याला बाहेर काढले. म्हणून कब्जा त्याला परत द्यावा. मालकी कोणाची, याचा निर्णय इथे केलेला नाही. ज्याला मालकी सांगायची असेल त्याने वेगळा दावा लावावा. एवढेच. कब्जा एक, मालकी दुसरी. सगळा निवाडा या दोन शब्दांवर उभा होता.

आणि मी काय केले? माझ्या पंतोजींनी लहानपणी शिकवले होते की एका पानात तोच शब्द पुन्हा आला तर लिहिणाऱ्याची भाषा दरिद्री. मला माझ्या मराठीचा गर्व होता. साहेबांनी एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा लिहिला होता, तो मला रुक्ष वाटला. मी पहिल्यांदा ‘कब्जा’ लिहिले, पुढे ‘भोगवटा’, आणि हुकुमाच्या ओळीत, वाक्याला वजन यावे म्हणून, ‘आवाराची मालकी वादीस परत द्यावी’. मग शेवटच्या कलमात ‘मालकी’ पुन्हा नको म्हणून ‘वहिवाटीच्या हक्काचा निर्णय केलेला नाही’ असे लिहून मोकळा झालो. वाचताना झोकदार वाटले. शिरस्तेदाराने मान डोलावली. मोहोर पडली.

थोड्याच दिवसांत बाई कचेरीत आली. पदर खोचलेला, हातात निवाड्याची नक्कल. सगळ्यांसमोर तिने विचारले, “हे कोनं लिवलं?”

शिरस्तेदार म्हणाला, “बाई, सरकारी कागद आहे. आवाज खाली.”

“आवाज कावून खाली? तो आडत्या माह्या आवारात पाया खंदून राहिला. पक्की कोठी बांधतो म्हन्ते. मले कागद दाखवते, म्हन्ते मालकी मले भेटली. सायबानं तं माह्यासमोर सांगतलं व्हतं, मालकीचं मंग पाहू. मी का बह्यरी आहो?”

“साहेबांचं हिंदुस्तानी तुम्हाला समजलं नसेल.”

“मले समजलं. तुमालेच समजलं नाई दिसत.” मग ती माझ्याकडे वळली. “भाऊ, तुमी तवा सायबाच्या बाजूले उभे व्हते. सांगा न, काय म्हनलं सायबानं?”

मी म्हणालो, “पाहून सांगतो.”

“पाहा. मी इथंच बसतो. पाया खंदनाऱ्याच्या समोर माही लेक उभी हाये, ते बी हालत नाई.”

मी दप्तराची गाठ सोडून इंग्रजी निवाडा काढला आणि मराठीशी ओळीला ओळ लावली. इंग्रजीत सगळीकडे तोच शब्द, माझ्या मराठीत त्याची तीन रूपे. आणि ज्या शब्दाला हात लावायचा नव्हता, तोच मी चुकीच्या जागी नेऊन बसवलेला. शिरस्तेदाराला बाजूला घेऊन सांगितले.

तो थंडपणे म्हणाला, “मोहोर झाली आहे. आता दुरुस्त केलं तर कचेरीचा प्रत्येक कागद लोक उलटून पाहतील. तिला म्हणावं, वेगळा दावा लाव.”

“लावू कशी शकेल? कागदच म्हणतो मालकी गेली. आणि आडत्या म्हणेल वहिवाटीचा वाद फक्त उरलाय.”

“तुझी नोकरी किती दिवसांची रे? कोणाच्या बाजूने बोलतोस?”

“निवाड्याच्या,” मी म्हणालो. तेवढे मात्र मी छातीठोक म्हणालो, आणि आजही म्हणेन. त्याला ओलांडून, दोन्ही कागद घेऊन, मी थेट साहेबांसमोर गेलो. बाई मागोमाग आली. शिरस्तेदारही आला.

मी साहेबांना दोन्ही शब्द दाखवले. जिथे इंग्रजीत हा शब्द तिथे मराठीत दर वेळी कब्जाच हवा, आणि जिथे तो तिथे मालकीच. कानाला कितीही खडबडीत लागले तरी, असे सांगितले. साहेबांचा चेहरा लाल झाला. नक्कल उचलून त्यांनी विचारले, “हे अक्षर कोणाचं?”

अक्षर नक्कलनवीसाचे होते. रिद्धपूरकडचा, महानुभाव घरातला, कचेरीत सगळ्यांत सुंदर मोडी लिहिणारा माणूस. त्याने माझा शब्द न् शब्द जसाच्या तसा उतरवला होता. माझा मसुदा माझ्याच दप्तरात होता.

मी म्हणालो, “नकलेत फरक पडला, साहेब.” मोहोर शिरस्तेदाराची होती, त्याने मला खोडून काढले नाही.

दुरुस्त भाषांतर तिथेच झाले. आडत्याकडली नक्कल परत मागवली, पाया बुजवला. कब्जा मिळाला तरी मालकी मिळाली नाही हे त्याला सर्वांसमोर वाचून दाखवले. बाईने पुढे मालकीचा दावा लावला, जिंकला, आणि आवार तिचे राहिले. जाताना ती मला म्हणाली, “भाऊ, तुमी नसते तं मी मेली असती.” मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला.

नक्कलनवीसाला त्याच दिवशी काढले. तो माझ्याजवळ आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, “तुमचा मसुदा दाखवा न एकदा सायबाले. माह्या अक्षरात चूक नसते, तुमाले ठाऊक हाये.”

मी म्हणालो, “मसुदा सापडत नाही.”

तो म्हणाला, “बरं. नका दाखवू. पन मी बी कोनाले म्हननार नाई का माही चूक व्हती. कोनी इचारलं तं सांगीन, मी लिवलं ते त्यानं दिलं तसंच लिवलं.” आणि तो ताठ मानेने निघून गेला. रिद्धपुरात जाऊन पोथ्या उतरवून पोट भरू लागला, असे नंतर कळले. कोणत्याही कचेरीने त्याला पुन्हा घेतले नाही.

त्यानंतरच्या माझ्या कोणत्याही भाषांतरात एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द झाले नाहीत. नवे लोक कुरकुरतात, तुमचे मराठी कोरडे. असू दे कोरडे. शोभेसाठी माणसाचे आवार जाते हे मी पाहिले आहे. याबाबतीत मी कोणाचे ऐकले नाही आणि ऐकणारही नाही.

घरचे म्हणतात, झाले गेले, आता कशाला उकरता. बढती झाली, नाव आहे. माझे नाव त्या नक्कलनवीसाच्या अक्षरावर उभे आहे, म्हणून उकरतो.

तो हयात आहे. त्या दिवशी जे लोक हजर होते त्यांतलेही बरेच आहेत. अकोल्याच्या त्याच कचेरीत, त्यांच्यासमोर, चूक माझी होती आणि त्याची नव्हती असे तोंडाने म्हणणे हे मी त्याचे देणे लागतो. ते मी अजून दिलेले नाही.