सायकलताईंचे सहाशे

भागाकारराव,

तब्येत कशी आहे वगैरे विचारत नाही. तुमच्या मुलीशी फोनवर बोलले, तिने सगळं सांगितलं. मोतीबिंदू काढला, गोड बंद केलं, आणि नातवाच्या गृहपाठाच्या वहीत आकड्यांवर पेन्सिलीने खुणा करता म्हणून जावई वैतागलेत. वैतागू देत. तुमच्याबद्दल चार पानं लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पहिले वाचक तुम्हीच असल्यामुळे खोटं लिहायची सोय नाही, ते एक बरं.

तर हे गृहस्थ आमच्या पतसंस्थेत हिशेब तपासनीस होते. सत्तावीस वर्षं. मी शाखेची व्यवस्थापक, म्हणजे यांची साहेब, पण हे कुणाला फारसं जाणवत नसे, मलाही नाही. भागाकारराव हे नाव कॅशियरने पाडलं. हिशेबात फरक आला की बाकीचे कपाळाला हात लावून पुन्हा बेरीज करायला बसत. हे कानावरची पेन्सिल काढून एवढंच विचारत, "किती?" आकडा सांगितला की त्याला आधी नऊने भागून बघायचे, मग सहाने.

नऊने भाग गेला तर दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असणार, छत्तीसचे त्रेसष्ट झाले असणार. हे हिशेबाच्या सगळ्याच माणसांना ठाऊक असतं. सहाचा भागाकार मात्र यांनी स्वतःच्या पायांनी कमावला होता. तरुणपणी हे लोकरीच्या गोदामात गठ्ठे मोजायला होते. तिथल्या मुकादमाचा 6 शून्यासारखा दिसायचा. त्याने चिठ्ठीवर 16 लिहिले, हमालांनी 10 वाचले, आणि मागे राहिलेले सहा गठ्ठे गिऱ्हाइकाला पोचवायला यांना पाच मैल गाडीमागून चालावं लागलं. चालता चालता यांच्या लक्षात आलं की 0 आणि 6 यांची गफलत झाली की फरक सहाचा पडतो, आणि 1 आणि 7 यांची झाली तरी सहाचाच. दशकाच्या घरात झाली तर साठ, शतकाच्या घरात सहाशे. तेव्हापासून सहा हा आकडा दिसला की यांचे कान टवकारत.

वहिनींची तक्रार वेगळी होती. त्या मला म्हणाल्या होत्या, "लग्न ठरल्यावर यांनी मला पहिलं पत्र लिहिलं. प्रेमाचं अक्षर नाही त्यात. खाली फक्त एवढंच, की घरनंबरातला सात नीट काढत जा, नाहीतर माझी पत्रं शेजारणीला मिळतील."

"मिळाली का?"

"एक मिळालं. शेजारीण म्हणाली, यात वाचण्यासारखं काही नाही गं."

असो. मला सांगायचंय ते सायकलताईंचं.

सायकलताई आमच्यासाठी रोजची बचत गोळा करत. सकाळी सायकलला पिशवी अडकवून निघायच्या आणि चहावाला, चांभार, शिंपीण, इस्त्रीवाला अशा त्रेचाळीस जणांकडून मिळेल ती रक्कम घ्यायच्या. प्रत्येकाच्या कार्डावर तारीख आणि रक्कम लिहायची, तीच रक्कम आपल्या दिवसाच्या तक्त्यावर उतरवायची, दुपारी तक्ता आणि पैसे खिडकीत द्यायचे. बेरीज त्यांनी करायची नाही, आम्ही करायची, म्हणजे पैसे आणि कागद एकमेकांना स्वतंत्रपणे तपासतात. नियम चांगला होता. फक्त त्या सगळं लिहायच्या सायकलच्या सीटवर तक्ता टेकवून, एका पायावर उभ्या राहून.

त्या दिवशी बेरीज मी केली, कारण कारकून रजेवर होता. पैसे सहाशेने कमी भरले. मी यंत्रावर तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा तीच. चूक डोळ्यात असली की बोट तिन्ही वेळा तेच बटण दाबणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी ताईंना आत बोलावलं.

"सहाशे कुठे गेले?"

"कुठे जातील? जेवढे घेतले तेवढे दिले."

"पिशवी फाटली होती का?"

"पिशवी फाटली असती तर सहाशेच का पडतील, मॅडम?"

उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच मला राग आला. त्यांना तक्ता दाखवायचंही मला सुचलं नाही. मी चौकशी होईपर्यंत काम बंद असं सांगितलं आणि मुख्य कचेरीत असलेल्या त्यांच्या फाइलसाठी शेरा लिहिला, "रक्कम कमी भरली, वर्तन संशयास्पद." चारच्या टपालात तो गेलासुद्धा. माझ्या कामाचा उरक तेव्हा सगळीकडे वाखाणला जायचा. ताईंच्या घरी आजारी नवरा आणि दोन मुली, सगळं त्या सायकलवर चालायचं. ताई सायकल हातात धरून चालत गेल्या.

तुम्ही बाहेरच्या कामावरून पाचला आलात. "किती?" म्हणालात.

"सहाशे. आणि आता सहाने भाग जातो असं म्हणू नका."

"नऊने जात नाही," तुम्ही म्हणालात आणि तक्ता खिडकीपाशी नेलात.

तुम्ही कसं बघता हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. कागदावरची रक्कम रोकडीपेक्षा जास्त, म्हणजे मी काहीतरी मोठं वाचलंय. 1 चा 7 वाचलाय, नाहीतर 0 चा 6. आणि तेही शतकाच्या घरात. त्रेचाळीस ओळींतली बाकी सगळी गर्दी तुम्ही अशी एका झटक्यात हाकलून दिलीत. शतकाच्या घरात मी वाचलेले 6 होते तीन आणि 7 होते पाच.

"कशावरून यातलाच असेल?" मी म्हटलं.

"असेलच असं नाही. एखादी सहाशेची रक्कमच हरवली असेल. पण घरात चावी सापडेना तर आधी खिसा बघतो ना माणूस."

तिन्ही 6 तुम्ही लगेच सोडून दिलेत. "ताईंच्या 0 लाही वर शेपूट राहतं, पेन उचलत नाहीत म्हणून. पण 0 चं पोट ओळीभर उंच असतं. या तिघांची पोटं खाली अर्ध्यावरच बंद झालीत. सहाच आहेत हे."

मग 7. ताईंचा 1 नुसती काठी नव्हता, त्याच्या डोक्यावरून डावीकडे एक तिरपी रेघ खाली यायची, चांगली लांब. म्हणूनच मी फसले. तुम्ही तक्त्याच्या माथ्यावरच्या तारखेवर बोट ठेवलंत. तारीख होती 17.

"हे बघा मॅडम, एकाच हाताचे एक आणि सात शेजारी शेजारी, आणि यात वाद नाही, कारण आज सतरा तारीख आहे हे सगळ्यांना मान्य आहे. सातचं छप्पर सपाट आहे, आणि डाव्या टोकाला पागोळीसारखा एक थेंब लोंबतोय. एकाचं छप्पर उतरतं आहे, त्याला थेंब नाही."

पाच 7 पैकी चौघांना थेंब होता. पाचव्याला नव्हता. इस्त्रीवाल्याची ओळ. मी 750 वाचले होते, ते 150 होते.

मी हुशारी दाखवली, "मग त्याचं कार्ड बघू, संपला प्रश्न." तुम्ही फक्त "हं" म्हणालात. तो "हं" मला चौकात पोचल्यावर कळला.

इस्त्रीवाल्याने कार्ड काढलं. त्यावरही ताईंचंच अक्षर, तोच लांब शेंडीचा आकडा. त्याने आमच्या तोंडाकडे पाहिलं, दोन साहेबलोक एका कार्डासाठी चालत आलेत म्हणजे काहीतरी मिळण्यासारखं आहे हे त्याने ओळखलं, आणि म्हणाला, "साडेसातशे. स्पष्ट लिहिलंय की."

मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात. साहेबाच्या पायावर. विसरला असाल तर आठवण करून देते.

"बरोबर, लिहिलंय तेच धरायचं," तुम्ही म्हणालात. "माझे डोळे गेलेत, तुम्हीच वाचा. आधी तारखा वाचा, म्हणजे ओळ चुकणार नाही."

तो खुशीत वाचू लागला. "अकरा. बारा. चौदा. सतरा."

"अकरात किती एक?"

"दोन. अकरात दोनच असतात, काका."

"आणि सतरात सात कुठला?"

"हा काय, टोकाला थेंब आहे तो."

"वा. आता त्याच ओळीतली रक्कम वाचा."

त्याने कार्ड जवळ घेतलं, लांब धरलं. इस्त्रीतल्या कोळशाचा वास येत होता. त्याची बायको मागून कपड्यांना पाणी शिंपडत होती, ती न बघताच म्हणाली, "दीडशे दिलेत. पावडर आणायला मी दोनशे मागितले तेव्हा म्हणालात, दीडशे आत्ताच सायकलताईला दिले."

"दीडशे असतील," इस्त्रीवाला म्हणाला. "शेंडी लांब काढते ती. तिला सांगा."

परतताना तुम्ही मला टोचायची संधी घेतली नाहीत, त्याचा मला जास्त त्रास झाला. ताईंच्या घरी आपण दोघं गेलो. मी म्हटलं, "चूक माझी." त्या म्हणाल्या, "उद्यापासून यायचं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी चहा विचारला नाही, आणि विचारायला हवा होता असं मला मुळीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना लिहायला एक फळी मिळाली, आणि 7 च्या पोटातून आडवी दांडी काढायची सवय तुम्ही आख्ख्या शाखेला लावलीत. मी अजून किराण्याच्या यादीतही काढते.

राहिला तो शेरा. तो मुख्य कचेरीत फाइलला लागला होता, आणि ज्याने लिहिला त्यानेच, तपासनिसाच्या समोर, दोघांच्या सह्यांनी तो खोडायचा असा तिथला दंडक होता. दोन बस बदलून जायचं, पाच मिनिटांचं काम. "गुरुवारी जाऊ," मी म्हटलं. त्या गुरुवारी ऑडिट निघालं. पुढच्या गुरुवारी तुमच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मग माझा गुडघा. ताईंनी आत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला, तो काही कारण न देता वरून परत आला. दोन वर्षांनी पुन्हा केला, पुन्हा परत. मला आणि तुम्हाला कारण ठाऊक होतं. त्या उन्हापावसात सायकल मारत राहिल्या, पाय चालेनासे होईपर्यंत.

तुम्ही विचारायचात, "मॅडम, गुरुवार?" मी म्हणायचे, "पुढचा." असं किती वेळा झालं ते तुम्ही मोजलं असेल, मी मोजलं नाही. मग तुम्ही विचारणं सोडलंत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मुख्य कचेरीकडे जाणारी बस साडेतीनला सुटायची. आपण दोघंही तेव्हा ऑफिसातच असायचो.