सलग तीन सभा

तक्ता माझाच होता, हे आधी सांगून टाकते. पुढं जे झालं ते सांगताना माणूस आपला वाटा हळूच बाजूला सारतो, आणि माझा स्वभाव तसा नाही. निदान आता नाही.

सत्तरच्या दशकात सोलापुरात एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी टायपिस्ट होते. चादरींच्या सुताची रंगाई करायचा कारखाना. म्हाताऱ्या मालकांनी काढलेला, त्यांच्या तीन मुलांनी चालवलेला. त्यातला मधला मुलगा वारला आणि त्याच्या जागी त्याची बायको डायरेक्टर झाली. थोरले मालक चेअरमन, धाकटे मालक सुताच्या खरेदीला कायम गावोगाव, आणि तिसऱ्या ह्या बाई. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणे. त्या मला तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मी कुणाची बहीणबिहीण व्हायला गेले नव्हते, पण त्यांच्या तोंडून ते बरं वाटायचं.

ऑफिसात माझ्या आधी जो कारकून होता त्यानं कायद्याच्या कामाचा नुसता उकिरडा करून ठेवला होता. मुंबईच्या कंपनी रजिस्ट्रारची पत्रं सुताच्या पावत्यांत, सभासदांचं रजिस्टर कपाटावर, त्यावर डबा. मला असला गबाळेपणा बघवत नाही. मी एक मोठा पुठ्ठा घेतला आणि वर्षाचा तक्ता केला. एप्रिल ते मार्च, डावीकडं तारीख, मधे काम, उजवीकडं कोणी करायचं. दर तिमाहीला एक बोर्डाची सभा, वर्षात चार. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक साधारण सभा, तिची नोटीस एकवीस दिवस आधी. सभेनंतर तीस दिवसांत ताळेबंद मुंबईला, साठ दिवसांत वार्षिक विवरण. डायरेक्टर बदलला तर तीस दिवसांत फॉर्म बत्तीस. खाली रजिस्टरं: सभासदांचं, डायरेक्टरांचं, तारण-बोज्यांचं, आणि सभेच्या इतिवृत्ताची वही. तिची पानं आकडे घातलेली, कागद चिकटवायचा नाही, हातानंच लिहायचं. मी इतिवृत्त आधी टाइप करून मालकांना दाखवी आणि मग वहीत उतरवी. झालेलं काम लाल शाईनं खोडायचं. थोरले मालक बघून म्हणाले, "वा! आता मुंबईवाल्यांची काय बिशाद!" मी आठवडाभर फुगून हिंडत होते.

त्या तक्त्यात दर सभेसमोर एक ओळ असायची: "हजेरीचं रजिस्टर अक्कांकडे, शिपाई." त्याचं असं की अक्का सभेला कधी यायच्याच नाहीत. थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसायचं म्हणजे काय? त्यांच्यात ते चालत नसे. मग सभा झाली की शिपाई सायकलवर रजिस्टर घेऊन जाई, अक्का आपल्या गोल कानडी अक्षरात सही करीत, आणि मी इतिवृत्तात "हजर" म्हणून त्यांचं नाव घाली. अक्का फार लांब नव्हत्या. रंगखात्याच्या मागं दोन खोल्या होत्या, तिथंच राहायच्या. नवऱ्यानं ते रंगखातं उभं केलं होतं. जागा मात्र कंपनीची.

थोरल्या मालकांना ती जागा विकायची होती. होटगीकडं नवा कारखाना घालायचा त्यांचा विचार. पण अक्कांच्या सासऱ्यांनी कंपनीच्या नियमावलीत घालून ठेवलं होतं की जमीन विकायची तर बोर्डावर असतील त्या सगळ्या डायरेक्टरांची सही पाहिजे. धाकट्यांनी मान डोलावली. अक्कांनी नाही म्हणून सांगितलं. आवाज न चढवता, शिपायाजवळ निरोप: "मी ह्या खोल्या सोडून कुठं जाऊ?" माहेरी कुणी उरलं नव्हतं. मालकांनी त्यावर काही म्हटलं नाही. मला वाटलं, विषय मिटला. कसला मिटतोय! ते गप्प बसले तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

त्या मार्चात मी नवा तक्ता घेऊन गेले तर त्यांनी पेन्सिल घेतली आणि रजिस्टर घरी पाठवायच्या चारही ओळींवर काट मारली. "हे असलं कागदावर कशाला ठेवायचं, बाई? उद्या कुणी तपासलं तर?" मला पटलं. खरंच की, घरी सही घेणं कायद्यात बसत नव्हतंच. मी तक्ता पुन्हा लिहून काढला, स्वच्छ. आणि शिपायाला सांगायचं ते मी तक्ता बघून सांगत असे. ओळ गेली तसं सांगणंही गेलं. इतकी साधी गोष्ट.

मे महिन्याची सभा झाली. नोटीस मालकांनी पोस्टानं पाठवायला लावली, पाठवल्याच्या सर्टिफिकेटसकट. ते सर्टिफिकेट त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. रजिस्टरात अक्कांची सही नव्हती, म्हणून इतिवृत्त टाइप करताना मी सवयीनं लिहिलं: अक्कांना अनुपस्थितीची रजा मंजूर. धाकटे मालक नसले की मी हेच लिहायची. मालकांनी ती ओळ खोडली.

"त्यांनी रजा मागितलीय का?"

"नाही."

"मग? न मागता कशी देणार?"

बोलले अगदी हसून. मला जरा खटकलं, पण वाटलं, माणूस नियमाचा पक्का झालाय, चला, माझ्याच तक्त्याचा गुण. काय मूर्ख होते मी! ऑगस्टात ताळेबंद मंजूर करायची सभा. तेच. नोटीस पोस्टानं, सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये, अक्का गैरहजर, रजा नाही. धाकटे मालक मात्र एरवी कधी वेळेवर न येणारे, दोन्ही सभांना हजर.

साधारण सभा सप्टेंबरात पार पडली, ताळेबंद मुंबईला गेला. नोव्हेंबरात वार्षिक विवरण पाठवायचं होतं, त्यातलं एक कलम बघायला मी मालकांच्या टेबलावरचं कंपनी कायद्याचं पुस्तक उघडलं. ते आपोआप दुसऱ्याच पानावर उघडलं, इतकं ते पान हाताळलेलं. कलम दोनशे त्र्याऐंशी. डायरेक्टरचं पद केव्हा रिकामं होतं त्याची यादी. त्यात एका ठिकाणी पेन्सिलीची रेघ: बोर्डाच्या सलग तीन सभांना, किंवा सलग तीन महिन्यांतल्या सगळ्या सभांना, यांतला जो काळ मोठा तितका वेळ, बोर्डाची रजा न घेता गैरहजर राहिला तर.

मी मान वर केली. भिंतीवर तक्ता होताच. मे. ऑगस्ट. आणि तिसरी सभा येत्या गुरुवारी, दुपारी चारला. माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी मी तडक अक्कांच्या खोलीत गेले. रंगखात्याच्या वाफेनं भिंती घामेजलेल्या. मी दोन्ही नोटिसांचं विचारलं तर त्यांनी फडताळातून पाकिटं काढली, न फोडलेली, एकावर एक नीट ठेवलेली. "इंग्रजीत असतं की सगळं. म्हटलं, रजिस्टर येईल तेव्हा शिपायाला विचारू. ते आलंच नाही. तू विसरलीस काय गं?"

मी सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. गुरुवारी चारला स्वतः येऊन खुर्चीवर बसा, सही करा, बास. दुसरं काही करू नका. अर्ज दिला तरी रजा द्यायची की नाही ते मालकांच्याच हातात.

अक्कांनी ती पाकिटं पुन्हा फडताळात ठेवली. मग म्हणाल्या, "येते. बसते. घरच जाणार असलं तर लाज कसली?"

मला काय आनंद झाला! पण अक्का शेवटी अक्काच. थोरल्या दिराला न विचारता त्यांच्यासमोर जाऊन बसायचं त्यांच्या जिवावर आलं. बुधवारी सकाळी त्यांनी शिपायाजवळ निरोप धाडला: उद्या सभेला येईन म्हणते, आले तर चालेल का?

हे मला शिपायानंच सांगितलं, दुपारी चहा देताना. "मालक लई गोड बोलले बगा. म्हनले, अक्कांना सांग, एवड्या उन्हातनं कशाला तरास, रजिस्टर मी घरी धाडतो. अक्का बी खूश झाल्या की."

"आणि तू तसाच निरोप देऊन आलास?"

"व्हय. मंग काय करू? मालकांचा निरोप हाय तो."

उन्हातनं! नोव्हेंबरात! रंगखातं ते ऑफिस, मधे नुसतं अंगण! मी उठून निघाले तर दारात थोरले मालक. म्हणाले, "बाई, बसा. उद्याची कागदपत्रं आजच तयार करून टाकू." साडेसातपर्यंत बसवून ठेवलं, आणि मग स्वतः माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. गुरुवारी सकाळपासून मला त्यांच्याच खोलीत टेबल. एकदा पाणी प्यायला उठले तर म्हणाले, "तुमच्या वडिलांची तब्येत कशी आहे? तुमच्यावरच सगळं आहे ना घरचं?" बस, एवढंच. मी परत बसले. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. अंगण ओलांडायला मला कोणी दोरीनं बांधलं नव्हतं.

चार वाजता दोघे भाऊ बसले. रजिस्टर टेबलावर उघडं पडलं होतं. दोन सह्या झाल्या. खिडकीतून अक्कांचं दार दिसत होतं, उघडं, आणि उंबऱ्याशी त्या बसलेल्या, नवं पातळ नेसून. सभा वीस मिनिटांत संपली. मालकांनी रजिस्टर मिटलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म बत्तीस टाइप केला. पद रिकामं झालं, कारण कलम दोनशे त्र्याऐंशी. रजिस्टर्ड पोस्टानं मुंबईला. तीस दिवसांची मुदत होती, मालकांनी एक दिवससुद्धा वाया घालवला नाही.

सोमवारी अक्का ऑफिसात आल्या. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच. मालक बाहेर गेले होते. "तंगी, रजिस्टर यायचं राहिलं काय गं? चार दिवस मी दार सोडलं नाही. बाजारालासुद्धा गेले नाही."

मी सांगितलं. त्या बसल्या नाहीत, टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कोर्टात जाईन. सांगीन, इतकी वर्षं रजिस्टर घरीच यायचं. सगळ्या सह्या आहेत की माझ्या."

"अक्का, ते सांगितलंत तर त्या सह्याच खोट्या ठरतील. त्या सगळ्या सभांत मी तुम्हाला हजर दाखवलंय."

"तू लिहायचीस? हजर म्हणून?"

"हो."

"आणि आता लिहिलंस, हजर नव्हते."

"हो."

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, खरंच. "पण दोन्ही वेळा मी घरीच होते की गं," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या सभेत जागा विकायचा ठराव झाला, दोन सह्यांनी, सर्वानुमते. टाइप मीच केला.