दुसरी स्लिप बुक

हिशेबाच्या बाबतीत माझा तोरा फार होता. वसमतपासून एसटीने तासाभरावर, शिरड शहापूरच्या वाटेवरच्या एका गावात आमची शाळा होती आणि मी तिथला लिपिक. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपासची गोष्ट आहे. तालुक्यात कुठल्याच शाळेचं कॅशबुक माझ्याइतकं स्वच्छ नाही असं मला वाटायचं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे.

शाळेची फी तालुक्याच्या बँकेत भरायला आमचे शिपाई जात. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. जवळच्या तांड्यावर राहायचे, पन्नाशीला आलेले, अक्षरओळख नाही. भरणा करायची स्लिप बुक मी आधीच लिहून द्यायचो. मामा नोटा आणि बुक घेऊन जायचे, बँक वरची स्लिप फाडून घ्यायची आणि बुकात राहणाऱ्या अर्ध्या भागावर गोल शिक्का मारून द्यायची. मामा संध्याकाळी बुक माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा भाऊसाहेब, शिक्का हाय." मी न बघताच ती कपाटात टाकायचो.

शाळेचं एक वसतिगृहही होतं, त्याचं खातं त्याच बँकेत, पण वेगळं. त्यात वर्षातून एकदा अनुदान यायचं, एरवी कुणी ढुंकून पाहत नसे. दसऱ्याला आम्ही कचेरीतल्या सगळ्या वह्यांची पूजा करायचो आणि त्यांना नवं लाल कापड चढवायचो. दोन्ही खात्यांच्या स्लिप बुकांनाही तेच कापड, तेच हळदीकुंकू. वर नाव लिहायचं तर कापडावर शाई पसरते, म्हणून मी लिहीत नसे. मला उघडायच्या आधीच कळतं, असं मी म्हणायचो.

त्या जुलैअखेर पासबुक भरून आलं आणि मी ताळमेळ घालायला बसलो. कॅशबुकात बँकेची शिल्लक होती एकसष्ट हजार चारशे ऐंशी. बँकेने कापलेले पंच्याऐंशी रुपये मी लिहिले नव्हते, ते वजा केले. आम्ही दिलेले दोन चेक, मिळून चार हजार नऊशेचे, दुकानदारांनी अजून वटवलेच नव्हते. म्हणजे तेवढे पैसे बँकेत पडून असणार, ते मिळवले. पासबुकात यायला हवे होते सहासष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. होते बावन्न हजार पंचेचाळीस. चौदा हजार दोनशे पन्नास कमी.

मग मी एकेक ओळ खूण करत जुळवली. जुलैत मामांनी नेलेला एक भरणा कॅशबुकात होता, पासबुकात नव्हता. बरोबर चौदा हजार दोनशे पन्नास. शाळेची स्लिप बुक उघडली. त्या तारखेचा शिक्का सोडाच, त्या तारखेची स्लिपच नव्हती. बारा वर्षं ज्या माणसाच्या हाती डोळे झाकून पैसे दिले, त्याने असं करावं?

हेडमास्तरांनी मामांना बोलावलं. मीही तिथेच उभा होतो.

"मी भरलो, सर," मामा म्हणाले. "शिक्का मारून आणलो. भाऊसाहेबाच्या टेबलावर ठिवलो."

"मग शिक्का कुठंय?" सरांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेची बुक उघडून त्यांच्यापुढे धरली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे मी पुरावा धरत होतो, याची लाज मला तेव्हा वाटली नाही.

"पोळ्यापर्यंत पैसे बँकेत भरा," सर म्हणाले, "न्हाई तर मला पोलिसात जावं लागंल."

ऑगस्टचं पासबुक आलं आणि त्यात मामांनी परस्पर जाऊन केलेला रोख भरणा होता, चौदा हजार दोनशे पन्नास. कॅशबुकात नवं काही लिहायचीही गरज पडली नाही. जुलैत लिहिलेला भरणा आता बँकेत पोचला, असं धरलं की दोन्ही बाजू पैशाला पैसा जुळत होत्या. मी लाल पेन्सिलीने खूण केली. खोटं कशाला बोलू, मला समाधानच वाटलं. सरही म्हणाले, "चोरी पचली न्हाई म्हणून आणून भरले." मामा कुणाला काही बोलले नाहीत. बँकेचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मधल्या सुट्टीत मास्तर मंडळी "मामा, खिसा बघू" म्हणून हसायची, आणि एकदोनदा मीही हसलो.

मार्चअखेर वसतिगृहाचं अनुदान जमा झालं का ते बघायला मी त्या खात्याचं पासबुक भरून आणलं. पहिलीच ओळ जुलैची होती. रोख जमा, चौदा हजार दोनशे पन्नास.

मी वसतिगृहाची स्लिप बुक काढली, लाल कापड उलटलं. सगळ्यात वरच ती अर्धी स्लिप होती. अक्षर माझं, आकडा माझा, आणि त्यावर ठळक गोल शिक्का. मीच चुकीच्या बुकात लिहून दिलं होतं. मामांनी इमानाने भरलं आणि इमानाने परत आणून ठेवलं होतं. आठ महिने ती स्लिप माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर पडली होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण मग ऑगस्टमधले पैसे कुणाचे होते?

सरांना दाखवलं. त्यांचाही चेहरा उतरला, पण लगेच म्हणाले, "गाजावाजा नको. हिशेब सरळ करा." तो सरळ करायला एक दिवस पुरला. वसतिगृहाच्या खात्यातून शाळेच्या खात्यात चेकने रक्कम वळती केली आणि शाळेच्या खात्यातून मामांच्या नावाने तेवढ्याच रकमेचा चेक काढला. कॅशबुक जुळलं, दोन्ही पासबुकं जुळली. तो चेक घेऊन मी तांड्यावर गेलो.

मामी पाणी घेऊन आल्या. कानशिलाजवळचे चांदीचे घोस, जे मी दर सणाला पाहिले होते, ते नव्हते. गळाही मोकळा होता. मी विचारलं नाही, त्याच म्हणाल्या, "वसमतच्या सोनारानं चांदी आटवली बी असंल आता." मी चेक मामांच्या हातात दिला आणि चूक माझी होती, असं कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा चेककडे बघतच नव्हते. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "मी सांगून राहिलो व्हतो, शिक्का मारून आणलो म्हून. कपाटात दोनच तर बुका व्हत्या. दुसरी काहून उघडली न्हाई?"

दुसरी बुक उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. तो भरणा एखाद्या मास्तराने नेला असता, तर मी अख्खं कपाट पालथं घातलं असतं, बँकेत जाऊन भांडलो असतो. तांड्यावरच्या माणसाच्या बाबतीत मला पहिल्याच बुकावर उत्तर मिळालं, आणि ते पटलंही. हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं, आणि मी ते तसंच मामांना सांगितलं.

त्यांनी चेक घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "व्हय, मला तवाच कळलं व्हतं."