उभी स्पॅनिश, बसकी इटालियन

आमची वहिनी हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. बढतीसाठी तिने स्पॅनिश आणि इटालियनची परीक्षा एकाच महिन्यात द्यायचा घाट घातला. भाषा कसल्या, जुळ्या बहिणीच त्या! स्पॅनिशच्या सराव परीक्षेत ती म्हणाली, "मी पावाला बुर्रो लावते." इटालियनमध्ये बुर्रो म्हणजे लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव.

शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "दोन्हींची वेळ आणि जागा वेगळी ठेवा." वहिनीने ते नको तितकं मनावर घेतलं. सकाळी ओट्याशी उभ्याने स्पॅनिश, संध्याकाळी सोफ्यावर बसून इटालियन. घरात आमचा जीव गेला, पण भेसळ थांबली.

स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, "बसा." वहिनी बसली आणि तोंडातून इटालियन सुरू! तशी ती ताडकन उठली आणि शेवटपर्यंत उभ्याने फाडफाड स्पॅनिश बोलली. दोन्हींत पास झाली, बढतीही मिळाली.

काल हॉटेलात इटालियन जोडपं आलं. वहिनीने हसून मान डोलावली आणि झटकन खाली बसली. रिसेप्शनवर खुर्ची नसते, त्यामुळे काउंटरखालूनच इटालियन सुरू झालं. बिचारी दोघं रिकाम्या काउंटरकडे बघत राहिली, की ही फरशी इतकं सुंदर इटालियन शिकली कुठे?